नावं तीन, गाणं एक

नागपुरात महालातल्या आमच्या घरी एका हार्ड डिस्कवर तीस वर्षांचा नाट्यसंगीताचा साठा आहे. काही कॅसेटवरून उतरवलेलं, काही सीडीवरून, काही कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं. त्यात `Ghei Chhand.mp3`, `Track 07.mp3` आणि `vasantrao_natyageet_new.mp3` अशा तीन फाइली आहेत. यातलं जुळं कोणतं?

नावावरून कळत नाही आणि इथे तर नाव चकवतंच. आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगभूमीवर आलं. जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद’ या एकाच पदाला त्यात दोन चाली दिल्या, एक पंडितजींच्या घराण्याची आणि दुसरी खाँसाहेबांच्या घराण्याची. खाँसाहेब रंगवले ते वसंतराव देशपांड्यांनी. म्हणजे नाव तेच आणि शब्द तेच, पण गाणी दोन. नाव पाहून एक पुसलं, तर नाटकाचा अर्धा झगडाच पुसला जाईल.

फाइलीतले बाइट ताडून पाहावेत, तर तेही फसतं. तीच ध्वनिमुद्रिका दोनदा एमपीथ्री केली आणि दर्जाचा आकडा बदलला, की बाइट पार वेगळे होतात, कानाला मात्र काहीच फरक कळत नाही. म्हणून गाण्याचाच ठसा घ्यायचा. क्रोमाप्रिंट ही मोफत प्रणाली हेच करते. तिची आज्ञा इतकीच:

```
fpcalc -raw -length 120 "Track 07.mp3"
```

पडद्यावर गाण्याची लांबी आणि आकड्यांची एक लांबलचक माळ येते. ही माळ कशी ओवली जाते, ते मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पेटीसमोर जाऊन बसलो होतो.

संगणक आवाजाचे साधारण तृतीयांश सेकंदाचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या स्वरात किती जोर आहे ते मोजतो आणि सगळी सप्तकं एकावर एक घडी घालून बाराच खाने ठेवतो. पेटीच्या एका सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, तेच हे बारा खाने! त्याला सा कोणता ते ठाऊक नसतं, फक्त कोणती पट्टी किती वाजली ते कळतं. मग सुमारे दोन सेकंदांच्या या नकाशावर सोळा प्रश्न विचारले जातात: या भागात जोर जास्त की त्या भागात? प्रत्येक उत्तर दोन बिटांचं, म्हणून बत्तीस बिटांचा एक आकडा. नकाशा जरा पुढे सरकवला, की पुढचा आकडा. दर सेकंदाला असे आठ आकडे, आणि दोन मिनिटांत साडेनऊशेच्या आसपास.

एमपीथ्री करताना सर्वांत आधी छाटले जातात ते अतिउंच स्वर. ठसा तिकडे बघतच नाही, तो साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपासच थांबतो. म्हणून दर्जा उतरला तरी ठसा बहुतेक टिकतो.

आता दोन माळा शेजारी ठेवायच्या आणि बिटागणिक फरक मोजायचा. गाणी परकी असतील तर नाणं उडवल्यासारखं होतं, बत्तीसातली सोळाच्या आसपास बिटं वेगळी निघतात. मुद्रण एकच असेल तर फरक त्याहून खूप खाली येतो. एका फाइलीच्या सुरुवातीला तीन सेकंदांची शांतता असेल, तर एक माळ चोवीस घरं सरकवून पाहावी लागते. सरकवताना एका जागी फरक अचानक कोसळतो. आमच्या तीन फाइलींत `Track 07` आणि `vasantrao_natyageet_new` यांचा फरक असाच कोसळला. `Ghei Chhand` कुठेही सरकवली तरी निम्म्यावरच राहिली. ती लावून ऐकली, तर दुसरी चाल होती.

याच कारणाने वसंतरावांच्या दोन मैफलींतलं तेच पद जुळं ठरत नाही. ठसा गाणं ओळखत नाही, मुद्रण ओळखतो, आणि संग्राहकाला हवं असतं तेही हेच.

तो चुकतो कॅसेटपाशी. टेप शंभराला सहाने जोरात फिरली, की सगळे स्वर एक पट्टी वर सरकतात, बाराही खाने हलतात आणि जुळी भावंडं परकी वाटू लागतात. अशी शंका आली तर पेटीवर सूर लावून पाहावा आणि वेग दुरुस्त करून ठसा पुन्हा घ्यावा. दुसरी चूक उलटी: वरची आज्ञा पहिली दोनच मिनिटं ऐकते. सुरुवात तीच, पण एकीचा शेवट तोडलेला, तरी ठसा जुळतो. म्हणून लांबीचा आकडाही ताडावा.

ठसा जुळला म्हणजे पुसायची परवानगी मिळाली, असं समजू नका. दोन्ही फाइलींतलं मधलं एकेक मिनिट ऐका, जिच्यात तानपुरा स्वच्छ आहे ती ठेवा, आणि मगच दुसरीला हात लावा.