क्यूआर कोड लांबून स्कॅन का होत नाही?
राणीसावरगावात रस्त्यालगत दोन पोस्टर लावायची आहेत, असे समजा. दोन्हींवरचा क्यूआर कोड २० सेंटिमीटर रुंद. पहिल्यात २५ अक्षरांची लिंक आहे. तिची जाळी साधारण २५ बाय २५ चौकोनांची, म्हणजे एक चौकोन ८ मिलिमीटरचा. दुसऱ्यात २०० अक्षरांचा मजकूर कोंबला की जाळी ५७ बाय ५७ होते, चौकोन साडेतीन मिलिमीटरवर येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे चौकोन सुटे दिसावे लागतात. त्यामुळे पहिले पोस्टर साडेचार मीटरवरून वाचता आले, तर दुसऱ्यासाठी दोन मीटरपर्यंत पुढे यावे लागेल. शिवाय कोडभोवती चार चौकोनांइतकी कोरी जागा हवी. हौसेची नक्षीदार चौकट नेमकी तीच खाते.