तांब्याच्या नळीत चुंबक का रेंगाळतो?

तांब्याला चुंबक चिकटत नाही. तरीही मीटरभर लांबीच्या, जाड तांब्याच्या नळीत निओडिमियमचा छोटा, ताकदवान चुंबक वरून सोडला, तर तो नळीला न घासताही सावकाश उतरतो. तेवढाच लोखंडाचा तुकडा अर्ध्या सेकंदात खाली येतो. नळीत जेमतेम मावणाऱ्या चुंबकाला आठ-दहा सेकंदही लागू शकतात.

वाहकाजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यात वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. ती कोणत्या दिशेने वाहील, हे सेंट पीटर्सबर्गच्या हाइनरिश लेन्झने १८३४ मध्ये सांगितलं: ज्या बदलातून ती निर्माण झाली, त्याच बदलाला विरोध होईल अशा दिशेने.

समजा, चुंबकाचा उत्तर ध्रुव खाली आहे. त्याच्या खालच्या नळीत क्षेत्र वाढत जातं. तिथे नळीच्या गोलाईभोवती अशी धारा फिरू लागते, की तिचा उत्तर ध्रुव वर येणाऱ्या चुंबकाकडे असतो, आणि ती त्याला वर ढकलते. चुंबक ज्या भागातून नुकताच गेला तिथे क्षेत्र ओसरत असतं. तिथली धारा उलटी फिरते आणि जाणाऱ्या चुंबकाला मागे ओढते. या झाल्या आवर्त धारा. दिशा याउलट असती, तर धारेने चुंबकाला आणखी जोरात खाली ढकललं असतं, वेग वाढला म्हणून धारा वाढली असती, आणि ऊर्जा फुकटात मिळत गेली असती. तसं निसर्गात होत नाही.

मग चुंबक मध्येच थांबत का नाही? तो थांबला तर बदल थांबेल, धारा विरतील आणि तो पुन्हा पडू लागेल. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त; म्हणून सुरुवातीच्या काही सेंटिमीटरमध्येच विरोध वजनाइतका होतो आणि पुढचा प्रवास एकसारख्या वेगाने होतो.

याची सुंदर खूण वजनकाट्यावर दिसते. नळी काट्यावर उभी करून चुंबक सोडा. तो मध्ये अधांतरी उतरत असतानाही काटा नळी आणि चुंबक दोघांचं मिळून वजन दाखवतो. नळी चुंबकाला वर ढकलते, तितक्याच बळाने चुंबक नळीला खाली दाबत असतो.

गमावलेली ऊर्जा तांब्यात उष्णता होऊन जाते. १० ग्रॅमचा चुंबक मीटरभर उतरला, तर ती जेमतेम ०.१ ज्यूल भरते. अर्धा किलोची नळी तिने अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच तापेल, म्हणून हाताला काही कळत नाही.

आता नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडा. गोलाईभोवती धारांना पूर्ण फेरी घेता येत नाही, आणि चुंबक बराच वेगाने उतरतो. तरी लोखंडाच्या तुकड्यासारखा तो सटकत नाही, कारण चिरेपाशी अडलेल्या धारा वळतात आणि भिंतीतल्या भिंतीतच आपली फेरी पुरी करतात.