पिस्तुलाचा आवाज आणि पहिला रेटा

५ ऑगस्ट २०१७ रोजी लंडनमध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. उसेन बोल्टची ही शेवटची वैयक्तिक शर्यत होती. जस्टिन गॅटलिनने ९.९२ सेकंदांत ती जिंकली, ख्रिश्चन कोलमन ९.९४ सेकंदांत दुसरा आला आणि बोल्टला ९.९५ सेकंदांसह कांस्यपदक मिळालं. बोल्टचे पाय थकले, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. पण निकालपत्रकात वेळेच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, रिअ‍ॅक्शन टाइमचा. तो वाचला की त्या रात्रीचं चित्र बदलतं.

घड्याळ सुरू होतं ते पिस्तुलाबरोबर, धावपटू हलल्यावर नव्हे. आवाज कानात शिरतो, मेंदूपर्यंत जातो, तिथून पायाच्या स्नायूंना आदेश मिळतो आणि मग पाय स्टार्टिंग ब्लॉकला रेटा देतात. ब्लॉकमधले सेन्सर हा रेटा ओळखतात. पिस्तुलापासून या रेट्यापर्यंतचा काळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. तोवर धावपटू जागेवरच असतो, घड्याळ मात्र पुढे सरकत असतं.

लंडनमध्ये हा काळ गॅटलिनचा ०.१३८ सेकंद होता, कोलमनचा ०.१२३ आणि बोल्टचा तब्बल ०.१८३. नोंदलेल्या वेळेतून तो वजा केला तर कोलमनचे ९.८१७ सेकंद उरतात, गॅटलिनचे ९.७८२ आणि बोल्टचे ९.७६७. म्हणजे पहिल्या रेट्यापासून अंतिम रेषेपर्यंत तिघांमध्ये सर्वांत कमी वेळ बोल्टलाच लागला! गॅटलिनपेक्षा तो ०.०४५ सेकंद उशिरा हलला, त्यातले ०.०१५ सेकंद त्याने धावून भरून काढले आणि उरलेल्या ०.०३ सेकंदांनी तो हरला.

या वजाबाकीवर एक रास्त शंका घेता येते. फोटो फिनिशवरून वाचलेली वेळ निकालात वरच्या शतांश सेकंदापर्यंत वाढवून लिहितात. ९.९११ असो वा ९.९२०, निकालात ९.९२ च दिसतं. तेव्हा गॅटलिनला या फरकाचा पूर्ण फायदा देऊन पाहू. त्याची मूळ वेळ ९.९११ धरली तर वजाबाकीनंतर ९.७७३ उरतात. बोल्टची ९.९५० च धरली तरी उरतात ९.७६७. निष्कर्ष टिकतो. फरक याहून कमी असता, तर या आकड्यांवरून काहीच ठामपणे सांगता आलं नसतं.

दुसरी शंका ऐकू येण्याची. त्या रात्री बोल्ट चौथ्या लेनमध्ये होता आणि गॅटलिन आठव्या. एक लेन १.२२ मीटर रुंद, म्हणजे दोघांत सुमारे पाच मीटरचं अंतर. पिस्तुलाचा आवाज आतल्या बाजूने हवेतून येत असता, तर गॅटलिनला तो सुमारे ०.०१४ सेकंद उशिरा ऐकू आला असता. म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर ठेवतात आणि सगळ्यांना आवाज एकाच क्षणी मिळतो.

मग लवकर उठण्याचा सराव वाढवून हा काळ हवा तेवढा कमी का करत नाहीत? कारण खाली नियमाची भिंत आहे. ०.१०० सेकंदाच्या आत रेटा नोंदला गेला की फॉल्स स्टार्ट धरतात. आवाज ऐकून इतक्या लवकर हलता येत नाही, अंदाजाने उडी घेतली असणार, हे त्यामागचं गृहीत. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ सेकंदाला नोंदला गेला आणि बाद झाला. एक सहस्रांश सेकंद! माणसाची मर्यादा इतकी काटेकोर आखता येते, हे मला पटत नाही. बोल्ट स्वतः २०११ मध्ये दएगूच्या अंतिम फेरीत पिस्तुलाआधीच उठून बाद झाला होता.

वजाबाकीतून उरलेल्या वेळेलाही ‘निव्वळ धावणं’ म्हणताना जपायला हवं. रेट्याची नोंद होते तेव्हा पाय ब्लॉकवरच असतात. त्यापुढे जवळपास एक तृतीयांश सेकंद धावपटू ब्लॉक ढकलत असतो आणि सुरुवातीचा वेग तिथेच घडतो. घाईने उठून अर्धवट ढकललं, तर कानाने मिळवलेलं पाय गमावतात. वाऱ्याचा परिणामही या आकड्यात तसाच राहतो. म्हणून एकाच शर्यतीतल्या धावपटूंची तुलना भरवशाची, वेगवेगळ्या शर्यतींची नाही.

तरीही पदक नोंदलेल्या वेळेवरच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. पिस्तूल ऐकून उठणं हाही शर्यतीचाच भाग आहे आणि त्या रात्री गॅटलिनने तो बोल्टपेक्षा चांगला केला. सुवर्णपदक त्याचंच. पण बोल्टच्या पायांचा वेग आटला होता, हे मात्र त्या निकालपत्रकातून सिद्ध होत नाही.