महिन्याची फी नव्हे, तासाची फी पाहा

हिंगणीतल्या पालकाला दहावीच्या गणितासाठी गावातला क्लास महिन्याला ५०० रुपयांत आणि सेलूचा ९०० रुपयांत मिळतो, असे उदाहरणादाखल धरू. गावात महिन्यात १२ दिवस एकेक तास शिकवतात, म्हणजे तासाला सुमारे ४२ रुपये पडले. सेलूत २४ दिवस दीड तास, एकूण ३६ तास. बसचे ३०० रुपये धरूनही तासाला सुमारे ३३ रुपये. मात्र तास प्रत्यक्ष शिकवल्याचेच मोजावेत. दिवाळीची सुट्टी आणि न झालेले वर्ग वजा करावेत. बॅचचा फरक तर आणखी बोलका आहे. गावात शंकांसाठी २० मिनिटे आणि मुले ४५ असतील, तर एकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. सेलूत ३० मिनिटे आणि २० मुले असतील, तर दीड मिनिट येते.

लहान बॅच म्हणजे चांगला शिक्षक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच निकाल पाहायचा, पण फ्लेक्सवरच्या चार चेहऱ्यांवरून नाही. गेल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला, किती जणांनी क्लास मध्येच सोडला आणि उरलेल्यांचे नववीचे व दहावीचे गुण काय, हे विचारावे. नववीतच ९० टक्के असलेल्याचे ९२ झाले, तर त्याचे श्रेय क्लासला फारसे नाही. ४५चे ६० झाले, तर आहे. हातात महिन्याला ५००च असतील, तर हप्ते पाडून मागा, पण तुलना वर्षाच्या एकूण रकमेवरून काढलेल्या तासाच्या फीचीच करा.