पांढऱ्यावर पास, पिवळ्यावर नापास

संकेतस्थळांवर फोटोखालच्या ओळी बहुधा राखाडी रंगात असतात. त्या राखाडीच्या अनेक छटांपैकी एक आहे `#767676`. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो वाचनीयतेच्या जागतिक कसोटीला उतरतो, तोही अगदी काठावर. तोच राखाडी फिकट पिवळ्या पानावर ठेवला की नापास होतो. अक्षरांचा रंग बदललेला नसतो, त्यांचा आकार किंवा जाडीही बदललेली नसते. बदललेलं असतं ते फक्त त्यांच्या मागचं पान. म्हणूनच ‘हा रंग वाचायला चांगला आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. अक्षरांचा रंग आणि पानाचा रंग अशी जोडी समोर ठेवली तरच उत्तर मिळतं.

डिझायनर काम सुरू करताना पाच-सहा रंगांचा संच ठरवतो. त्याला तो पॅलेट म्हणतो. समजा, एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळासाठी असा संच ठरला: पांढरा `#FFFFFF`, फिकट पिवळा `#FFFFCC`, केशरी `#FF9933`, डाळिंबी `#990000`, राखाडी `#767676` आणि जवळजवळ काळा `#333333`. एकेक रंग पाहिला तर संच देखणा आहे, दिवाळीला शोभणाराही आहे. पण सहा रंगांतून पंधरा जोड्या होतात, आणि मजकूर वाचता येईल की नाही हे त्या जोड्यांवर ठरतं.

मोजायचं काय, तर दोन रंगांच्या तेजातलं अंतर. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून तयार होतो, पण डोळ्याला हे तिघे सारखे उजळ दिसत नाहीत. तेजाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सुमारे ७१ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरला जातो. रंगाच्या कोडमधले आकडेही थेट प्रकाशाचे नसतात. ते डोळ्याच्या सवयीप्रमाणे वाकवलेले असतात, म्हणून आधी एका ठरावीक सूत्राने ते सरळ करून घ्यावे लागतात. त्यानंतर प्रत्येक रंगाला शून्य ते एक यांमधला एक तेजांक मिळतो: काळ्याला ०, पांढऱ्याला १. जोडीचं गुणोत्तर असं काढतात:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

`L1` हा दोघांतल्या उजळ रंगाचा तेजांक, `L2` गडद रंगाचा. दोन्हीकडे मिळवलेला ०.०५ हा खोलीतल्या उजेडाचा वाटा आहे. तो उजेड पडद्यावर पडून परततो आणि त्यामुळे पडद्यावरचा काळा कधीच पूर्ण काळा राहत नाही. काळ्या-पांढऱ्याचं गुणोत्तर २१ येतं आणि एकाच रंगाचं स्वतःशी १. बाकी सगळ्या जोड्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

आपला राखाडी घेऊ. त्याचा तेजांक ०.१८१२. पांढऱ्यावर हिशोब १.०५ भागिले ०.२३१२, म्हणजे ४.५४. फिकट पिवळ्याचा तेजांक ०.९७१४, म्हणून तिथे १.०२१४ भागिले ०.२३१२, म्हणजे ४.४१. पास होण्याची रेषा नेमकी या दोन आकड्यांच्या मधून जाते.

ती रेषा आहे ४.५. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डब्ल्यूसीएजी नावाच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ साली ती आखली आणि नंतरच्या आवृत्त्यांतही ती कायम राहिली. आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही याच तत्त्वांच्या ‘एए’ पातळीला धरून आहेत. हा आकडा आला कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. सर्वसाधारण नजरेच्या माणसाला ३ हे गुणोत्तर किमान पुरतं, असं पडद्यांविषयीच्या एका जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात धरलेलं होतं. नजर ६/१२ पर्यंत उतरलेल्या माणसाला, म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं अक्षर ज्याला सहा मीटरवर जाऊन पाहावं लागतं त्याला, सुमारे दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो. ऐंशीच्या आसपासच्या माणसांची नजर साधारण एवढी असते. तीनाची दीडपट साडेचार. म्हणजे ४.५ हा आकडा ठरवताना डोळ्यांसमोर आजी-आजोबा होते, आणि दिवाळी अंकाचा वाचक कोण, हे मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नाही.

ठळक आणि मोठ्या अक्षरांना सवलत आहे. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या मजकुराला, आणि ठळक असेल तर सुमारे १८.६६ पिक्सेलपासून पुढच्या मजकुराला, ३ पुरतं. यापेक्षा कडक ‘एएए’ पातळी हवी असेल तर साध्या मजकुराला ७ लागतं.

आता सगळा संच तपासायला घेऊ. पंधरा जोड्यांपैकी सहा ४.५ ओलांडतात. उरलेल्या नऊपैकी दोन ३ आणि ४.५ यांच्या मधल्या पट्ट्यात येतात आणि सात पार खाली जातात. पण नऊ जोड्यांची यादी डिझायनरच्या हातात दिली तर तो वैतागेल, आणि ते बरोबरच आहे. पिवळ्यावर पांढरं, काळ्यावर डाळिंबी असं लिहायला कुणी निघालेलंच नव्हतं. चांगली तपासणी म्हणूनच आधी विचारते की कोणता रंग कशावर, कोणत्या कामासाठी आणि किती मोठ्या अक्षरांत वापरणार आहात. बटणावरचा मजकूर, मथळा, फोटोओळ, पट्टीवरची तारीख असे खऱ्या वापरातले संबंध लिहून घ्यायचे आणि तेवढेच तपासायचे. मग परत मिळणारी यादी छोटी असते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ एक काम सांगते:

```
FAIL  #FFFFFF on #FF9933  2.13  needs 4.5  button
FAIL  #FF9933 on #990000  4.18  needs 4.5  banner-date
FAIL  #767676 on #FFFFCC  4.41  needs 4.5  caption
```

सगळ्यात वाईट जोडी सगळ्यात वर. गुणोत्तर किती आलं आणि किती हवं होतं, हे शेजारी शेजारी दिलेलं. जोडी कुठे वापरली आहे, हेही सोबत. नुसतं ‘नापास’ सांगणारी यादी कामाची नाही, कारण ४.४१ आणि २.१३ यांची दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

फोटोओळीचं दुखणं किरकोळ आहे. राखाडी `#666666` इतका गडद केला की पिवळ्यावर ५.५८ मिळतात, आणि हा फरक शोधूनही पटकन सापडत नाही. पट्टीची गोष्ट मजेशीर आहे. डाळिंबीवर केशरी मथळा मोठ्या अक्षरांत असेल तर ४.१८ चालतं, म्हणून तो यादीत आलेलाच नाही. त्याखालची बारीक तारीख मात्र अडकली. रंगांची जोडी एकच, पण अक्षरांचा आकार बदलला आणि निकाल उलटला. तारीख फिकट पिवळी केली की ८.६७ होतात आणि केशरी मथळा जागचा हलत नाही.

खरा पेच बटणाचा. केशरीवर पांढरी अक्षरं ठेवायचीच असतील तर केशरीचा तेजांक ०.४४ वरून ०.१८ पर्यंत उतरवावा लागेल. तिथे पोचेपर्यंत तो तपकिरी झालेला असतो, केशरी उरत नाही. अशा वेळी पार्श्वभूमीशी झगडण्यापेक्षा अक्षरं बदलावीत. त्याच केशरीवर `#333333` ठेवला की ५.९३ मिळतात. अनेकांना पांढरीच अक्षरं जास्त उठून दिसतात, आणि या सूत्रावरची सगळ्यात जुनी तक्रार हीच आहे. तिच्यात तथ्य आहे. हे सूत्र डोळ्याचं सोपं केलेलं प्रारूप आहे आणि मध्यम तेजाच्या रंगांवर ते कधी कधी डोळ्याशी सहमत होत नाही. त्यावर नवी सूत्रं मांडली जात आहेत. तरी आज नियमात आहे ते हेच सूत्र, आणि २.१३ ही काही काठावरची चूक नव्हे.

तपासणी स्वतःच चुकते अशा दोन जागा मला वारंवार दिसतात. पहिली आकडा गोळाबेरीज करण्याची. `#777777` पांढऱ्यावर ४.४७८ देतो. एका दशांशापर्यंत लिहिलं की तो ४.५ दिसतो आणि पास म्हणून सुटतो. नियमात मात्र अशी सूट नाही. म्हणून तुलना नेहमी पूर्ण आकड्याशी करावी आणि दाखवताना पुढचे अंक सरळ सोडून द्यावेत. वरच्या यादीत मी तसंच केलं आहे.

दुसरी जागा पारदर्शकतेची, आणि ती जास्त फसवी आहे. डिझायनर काळपट `#333333` निवडतो, मग ‘जरा सौम्य दिसू दे’ म्हणून तो ६० टक्क्यांवर आणतो. तपासणी कोड वाचते, पांढऱ्यावर १२.६३ सांगते आणि पुढे जाते. पडद्यावर मात्र तो रंग पांढऱ्यात मिसळून `#858585` झालेला असतो आणि त्याचं खरं गुणोत्तर साधारण ३.७ असतं. आधी मिसळ करून घ्यायची, मगच मोजायचं. अक्षरांमागे फोटो किंवा उतरता रंग असेल तर सरासरी काढून भागत नाही. अक्षरांच्या मागची जी जागा त्यांच्या रंगाशी सगळ्यात जवळची असेल, ती धरून मोजावं लागतं.

आणि एक गोष्ट आकड्यात येतच नाही. तपासणी कोडमध्ये लिहिलेला रंग मोजते, पण बारीक अक्षर पडद्यावर काढताना त्याच्या कडा पार्श्वभूमीत मिसळून मऊ केल्या जातात. रेषा जितकी पातळ, तितका तिच्यातला मूळ रंग कमी उरतो. देवनागरीत याचा फटका अनुस्वाराच्या टिंबाला बसतो, रफाराला आणि उकाराच्या शेपटीला बसतो. ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला फरक दोन-चार पिक्सेलांचा असतो. पातळ वळणाच्या फॉन्टमध्ये तेरा-चौदा पिक्सेलांची फोटोओळ ४.५ गाठूनही ते टिंब पुसट दिसू शकतं. म्हणून बारीक मराठी मजकुरासाठी मी यादीतला ‘हवे’ हा आकडा ४.५ ऐवजी ७ लिहिते. मग `#666666` पुन्हा नापास होतो. पांढऱ्यावर काठाने सुटणारा `#595959`सुद्धा फिकट पिवळ्यावर ६.८१ वर अडतो. `#555555` वर पोचलं की ७.२५ मिळतात, आणि ती ओळ यादीतून निघून जाते.