परीक्षा संपते, काळजी का संपत नाही?

व्हायवाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. सकाळी घशाला कोरड पडते, नाव पुकारलं की हात गार पडतात. पण परीक्षकांसमोरून उठून बाहेर आलं की तासाभरात भूक लागते, मित्रांबरोबर वडापाव होतो आणि रात्री गाढ झोप येते. ही रोजची काळजी. तिला कारण असतं, आणि कारण सरलं की तीही सरते. शिवाय ती उपयोगाचीही असते, कारण तिच्यामुळेच आपण पुस्तक उघडतो.

आजार कुठे सुरू होतो हे भीती किती मोठी होती यावरून ठरत नाही. परीक्षेआधी रडू कोसळलेला मुलगा पूर्ण निरोगी असू शकतो आणि वरून शांत दिसणारी मुलगी आजारी असू शकते. म्हणून विचारायचं ते हे: कारण संपल्यावर काळजीही जाते का, की ती लगेच दुसरं कारण शोधते?

चिंताविकारांचे प्रकार बरेच आहेत. कुणाला अचानक पॅनिक अटॅक येतात, कुणाला चारचौघांत बोलायचीच धास्ती वाटते. इथे मी त्यातल्या एकाबद्दलच सांगणार आहे. डॉक्टर त्याला ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात, म्हणजे सगळ्याच गोष्टींची, सतत वाटणारी, आवरता न येणारी काळजी. हाच विकार ‘स्वभावच आहे तिचा’ या वाक्याखाली वर्षानुवर्षं दडून राहतो.

एक कल्पित पण नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. लातूरहून पुण्यात आलेली, हॉस्टेलवर राहणारी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. सबमिशन वेळेत झालं, मार्कही बरे पडले. तरी तिच्या डोक्यात साखळी चालू असते: पुढच्या सेमिस्टरला केटी लागली तर, मग प्लेसमेंट हुकली तर, बाबांनी काढलेलं कर्ज फिटलं नाही तर. आईने दुपारी फोन उचलला नाही की अपघात झाला असणार, असं वाटतं. हे जवळजवळ रोज, सहा-सात महिने चाललेलं आहे. मान आणि खांदे दुखतात, पोट बिघडतं, अंथरुणावर पडल्यावर दोन तास झोप येत नाही. वाचलेलं पान परत वाचावं लागतं. रूममेटवर ती उगाच खेकसते आणि नंतर त्याचीही काळजी करत बसते.

ती आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, आणि तसं बहुतेक जण जातात. त्यात चूक काहीच नाही. थायरॉइड वाढलेलं असेल तरी छाती धडधडते आणि हात कापतात. रक्त कमी असेल तरी थकवा आणि धडधड असते. दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी घेतली तरी झोप उडते. हे तपासून घ्यायलाच हवं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असा अर्थ होत नाही.

निदानाचे निकष साधारण असे आहेत. निदान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची काळजी असते आणि ती आवरता येत नाही. सोबत बेचैनी, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं आणि झोपेचा बिघाड यांपैकी तीन तरी तक्रारी असतात आणि अभ्यास किंवा नाती त्यामुळे अडखळू लागतात. डॉक्टर अनेकदा जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची चाचणी देतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, त्याला 0 ते 3 गुण द्यायचे. आपल्या मुलीचे गुण 3, 2, 3, 2, 1, 2, 1, म्हणजे एकूण 14. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की नीट तपासणी करावी, असा संकेत आहे. मात्र ही चाचणी निदान करत नाही. ऐन परीक्षेच्या आठवड्यात भरली तर निरोगी माणसाचेही गुण चढतात.

आता मुख्य गोष्ट. ही काळजी टिकते कशावर? ती घालवण्यासाठी आपण जे करतो, त्यावरच. मुलगी आईला दिवसातून पाच फोन करते. आई म्हणते, “काही झालेलं नाही गं, नीट आहे सगळं.” दहा मिनिटं बरं वाटतं. पण मेंदू त्यातून शिकतो ते एवढंच, की धोका खरा होता आणि फोन केला म्हणून निभावलं. अपलोड केलेली फाइल सात वेळा उघडून बघणं, सेमिनारला नाव न देणं, रात्री मोबाइलवर आजारांची लक्षणं शोधणं, ही सगळी त्याच जातीची कामं आहेत. तात्पुरता दिलासा मिळतो आणि पुढची काळजी आणखी लवकर येते.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती, नेमकी इथे हात घालते. साधारण बारा ते पंधरा आठवडे, दर आठवड्याला सुमारे तासभर बसायचं आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास करायचा. मुलगी वहीत लिहिते: ‘आज रात्री नऊपर्यंत फोन केला नाही, तर आईला काहीतरी झालेलं असेल. खात्री 80 टक्के.’ मग ती खरंच फोन करत नाही. संध्याकाळी जीव कासावीस होतो, तासाभराने आपोआप उतरतो. नऊला ती निकाल लिहिते. पहिल्या वेळी काही बदलत नाही, दहाव्या वेळी खात्रीचा आकडा घसरलेला असतो. काळजीसाठी रोज ठरावीक वीस मिनिटं राखून ठेवायचाही सराव असतो. त्या वेळात ती काळज्या वेगळ्या करते: ज्यावर आज काही करता येईल त्या, आणि ज्या नुसत्या ‘तर काय?’ आहेत त्या. नुसत्या धीर देणाऱ्या गप्पांना सीबीटी म्हणत नाहीत. चार-पाच भेटींनंतरही हाती काही सराव मिळाला नसेल, तर समुपदेशकांना तसं मोकळेपणाने विचारा.

त्रास जास्त असेल, किंवा अभ्यासात लक्षच लागत नसल्याने सराव जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ औषध सुचवतात. बहुधा एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन, तेही कमी मात्रेपासून. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, कधी बेचैनी उलट वाढते, आणि इथेच अनेक जण गोळी सोडून देतात. काहींना लैंगिक इच्छा कमी झाल्यासारखी वाटते. संकोच न करता सांगावं, त्यावर मार्ग असतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्या आठवड्यांत डॉक्टरांची भेट चुकवू नये. बरं वाटू लागल्यावरही औषध अनेक महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची तल्लफ लागत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी. या गोळ्यांनी तासाभरात बरं वाटतं, म्हणूनच त्या हॉस्टेलमध्ये हातोहात फिरतात. काही आठवड्यांत त्यांची सवय लागते, स्मरणशक्ती मंदावते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. मित्राकडून घेतलेली गोळी हा उपचार नव्हे.

अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर तुम्ही स्वतः उपचार सुरू करू शकता, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर सहा महिने मोजत बसू नका. आजच फोन करा, खोलीतल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.