उंदराचं औषध पोटात गेलं तर

तीन वर्षांच्या मुलाने उंदरासाठी ठेवलेला, पेस्ट लावलेला पाव चाटला, तर त्याचं तोंड पुसा, हात धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. दूध-तूपही देऊ नका, कारण अशा पेस्टमध्ये अनेकदा पिवळा फॉस्फरस असतो आणि स्निग्ध पदार्थांमुळे तो शरीरात अधिक शोषला जातो. सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर मूल एक-दोन दिवस बरं झाल्यासारखं दिसतं, पण आत यकृत निकामी होत असतं. यावर खास उतारा नाही. वडीत मात्र बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठत नाही आणि त्यावर व्हिटॅमिन के-१ चालतं. म्हणून वेष्टन सोबत न्या. किती आणि केव्हा खाल्लं, मुलाचं वजन किती, हे डॉक्टरांना सांगा. कुत्र्या-मांजराने खाल्लं, तर हीच माहिती पशुवैद्यांना द्या.